ज्याचे फोन जास्त, त्याचे पैसे आधी? – भागाचा मजकूर

आजचा विषय घरचाच आहे. माझे मामा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. ऑर्डरी कमी झाल्या आणि महिन्याचे २२,००० चे १५,००० झाले. किराणा, लाईटबिल, औषधं यांना ७,००० लागतात. उरले ८,०००.

देणी अशी: घरभाडं ३,५००, गाडीचा हप्ता २,४००, सोनेतारण कर्जाचं व्याज ७००, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम २,००० आणि मित्राचे हातउसने ३,०००. बेरीज ११,६००.

मामांनी काय केलं? कार्डवाल्यांचे फोन रोज यायचे, म्हणून आधी त्यांना दिले. सोन्यावाले शांत होते, म्हणून ते राहिले. तीन महिने व्याज थकलं आणि लिलावाची नोटीस आली. मामीच्या पाटल्या होत्या त्यात.

मग आम्ही वही घेऊन बसलो. प्रत्येक देण्यापुढे एकच प्रश्न लिहिला: हे नाही दिलं तर काय जाईल, आणि किती लवकर? सोनं सावकाराच्या नाही, कंपनीच्या तिजोरीत असलं तरी ते विकायला त्यांना कोर्टात जावं लागत नाही. गाडी ओढून नेली तर कामावर जाणं बंद. भाडं थकलं तर डोक्यावरचं छप्पर जातं. कार्डाला मात्र काहीच तारण नाही. दंड लागतो, स्कोअर पडतो, कोर्टात दावाही होऊ शकतो, पण उद्या घरातलं काही उचलून नेता येत नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात थकीत व्याज २,१००, भाडं ३,५००, हप्ता २,४००. झाले ८,०००. कार्डाला शून्य. पुढच्या महिन्यापासून सोन्याला ७०० च, म्हणजे १,४०० मोकळे. त्यातले १,००० मित्राला, ४०० हाताशी. मित्राला मामांनी स्वतः भेटून तारीख सांगितली. न सांगता टाळलं असतं तर पुढच्या अडचणीला तो दार उघडणार नाही.

ते १,००० कार्डाला का नाही? किमान रकमेपेक्षा कमी भरलं तर व्याज थोडं घटतं, पण लेट फी आणि थकबाकीची नोंद टळत नाही. त्यापेक्षा कार्ड वापरणं थांबवा, ऑटो डेबिट बंद करा, आणि बँकेला लेखी कळवून बाकीचे हप्ते पाडून मागा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसे आले तर नोंद ठेवा, तक्रार करा.

एक लक्षात ठेवा, हा क्रम तंगीपुरताच. मामांच्या ४०,००० च्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,४०० व्याज चढतं. पगार पूर्ववत झाला की पहिला जादा रुपया कार्डालाच.

पाटल्या अजून तारणातच आहेत. पण लिलाव टळला. भेटू पुढच्या भागात.