गोष्टीतलं माफीचं पत्र

तुटलेल्या मैत्रीची गोष्ट आपण श्रुतिकेसाठी लिहितो, तेव्हा शेवटाकडे एक माफीचं पत्र येतं. त्या पत्राने गोष्ट खरंच वळते का, यावर आज बोलूया.

आम्ही गटात रचलेली एक गोष्ट घ्या. सीवूड्समधल्या बचत गटात शेवंता आणि सुनंदा दोघी जिवाभावाच्या. शेवंताकडे गटाची वही. सुनंदाने कर्जाचा बाराशे रुपयांचा हप्ता घाईघाईत स्टेशनवर शेवंताच्या हातात दिला. शेवंताने चिठ्ठीवर टिपून घेतलं आणि विसरली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिने सुनंदाला खोटारडी म्हटलं. सुनंदा गटात येईनाशी झाली. तीन महिन्यांनी ती चिठ्ठी वहीच्या कव्हरात सापडली.

आता शेवंताने लिहिलं, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर, आपली मैत्री किती जुनी आहे," तर काय होईल? 'असेल तर' या दोन शब्दांनी चूक झाली की नाही हेच धूसर होतं. शिवाय जुन्या मैत्रीचा दाखला देऊन तिने ओझं सुनंदावरच टाकलं.

म्हणून आम्ही पत्र असं लिहिलं: "सुनंदा, तू बाराशे रुपये दिले होतेस. चिठ्ठी माझ्याच वहीत निघाली. मी न तपासता तुला चारचौघींत खोटारडी म्हटलं. येत्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि वहीत लिहिणार आहे. तू यायलाच हवंस असं नाही. शेवंता."

यात चूक नाव घेऊन सांगितली आहे. अब्रू चारचौघींत गेली, म्हणून भरपाईही चारचौघींतच आहे. आणि माफी मागून घेतलेली नाही, ती द्यायची की नाही हे सुनंदावर सोडलं आहे. चिठ्ठी सापडल्याचं ऐकणारीला आधीच ठाऊक असतं, सुनंदाला नसतं. म्हणून पत्र उघडताना कान टवकारतात.

रेडिओवर हे पत्र सुनंदाने स्वतः वाचावं, 'खोटारडी' शब्दावर थांबावं. पत्र मिनिटभराच्या आतच संपावं, लांबलं की ते भाषण वाटतं.

पत्र वाचताच गळाभेट घालू नका. तीन महिने बाजारात लोकांच्या नजरा सोसलेली बाई इतक्या लवकर विरघळत नाही. आमची सुनंदा बैठकीला येते, दाराशी बसते, शेवंताचं बोलणं ऐकते आणि न बोलता या महिन्याची बचत पुढे सरकवते. शेवंता रक्कम मोजते, तिच्यासमोरच लिहिते आणि वही तिच्याकडे वळवून दाखवते. मैत्री पुन्हा जुळेल का, ते गोष्ट सांगत नाही.

तुमची गोष्ट तपासायची असेल तर त्यातलं पत्र काढून पाहा. शेवट तोच राहिला, तर गोष्ट पत्राने वळलीच नव्हती. आमच्या गोष्टीतून पत्र काढलं, तर दाराशी कोणीच येत नाही.