शुक्रवारच्या मीटिंगशिवाय रेट्रो



सॉफ्टवेअरच्या कामात रेट्रोस्पेक्टिव्ह नावाची एक पद्धत आहे. सगळे तिला 'रेट्रो' म्हणतात. ठरावीक दिवसांनी टीम थांबते आणि दोन गोष्टी विचारते: काय चांगलं झालं आणि पुढे काय बदलायचं? 2001 साली अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो लिहिला गेला. त्यासोबतच्या बारा तत्त्वांमधलं शेवटचं तत्त्व हेच सांगतं.

बऱ्याच ऑफिसांत रेट्रो शुक्रवारी दुपारी असतो, कारण आठवडा संपत आलेला असतो. पण त्याच वेळी कुणी जुम्याच्या नमाजला गेलेलं असतं, कुणाला मुलाला शाळेतून आणायचं असतं, तर कुणी दुसऱ्या देशात असतं आणि तिथे अजून सकाळच झालेली नसते. जे हजर असतात त्यांच्यातही दोघं-तिघंच बोलतात. ज्याचं इंग्रजी सफाईदार आणि आवाज मोठा, त्याचं म्हणणं टीमचं म्हणणं ठरतं. म्हणून हीच चर्चा चॅटवर, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा कशी करायची, ते आज सांगतो.

पहिला विचार असा येतो की ग्रुपमध्ये प्रश्न टाकावा आणि खाली सगळ्यांनी उत्तरं लिहावीत. नेमकं इथेच बिघडतं. पहिल्यानं लिहिलं, "सर्व्हर स्लो होता," की पुढचे चौघं सर्व्हरबद्दलच लिहितात. टीम लीडनं आधी लिहिलं, "आठवडा छान गेला," तर नव्या मुलीनं तक्रार कशी लिहायची? त्यामुळे चॅटवरच्या रेट्रोचा मुख्य नियम हा: उत्तरं आधी वेगवेगळी गोळा करायची आणि सगळी एकदम उघडायची. बाकी सगळं या नियमाभोवती बसवता येतं.

सात जणांची टीम आहे असं धरू. दर आठवड्याला एक जण संयोजक होतो. पाळी फिरत राहते, पण मॅनेजरला त्यातून वगळायचं. मॅनेजर उत्तर देऊ शकतो, गोळा करू शकत नाही. गुरुवारी सकाळी दहाला चॅनेलमध्ये आठवण आपोआप पडते. स्लॅकमध्ये ती एकदाच लावून ठेवता येते:

```
/remind #team-retro "रेट्रो: उत्तरं शुक्रवारी 11 पर्यंत" every Thursday at 10am
```

चॅनेलच्या वर तीन प्रश्न कायमचे पिन केलेले असतात. या आठवड्यात काय चांगलं झालं? कुठे अडलो? पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट बदलावी? उत्तरं संयोजकाला खासगी मेसेजमध्ये जातात. शुक्रवारी अकराला तो ती नावं काढून, पण शब्द न बदलता, एका मेसेजमध्ये टाकतो. सोमवारी अकरापर्यंत सगळे वाचतात, थ्रेडमध्ये बोलतात आणि ज्या दोन मुद्द्यांवर आधी काम व्हावं असं वाटतं त्यांना इमोजी देतात. सोमवारी बाराला निर्णय होतो. प्रत्येकाची मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि शुक्रवारची दुपार मोकळी राहते.

आता एका आठवड्याची उत्तरं पाहू. एकानं लिहिलंय, "बुधवारचं रिलीज रात्री दहाला गेलं." दुसरी म्हणते, "माझा कोड रिव्ह्यूसाठी दोन दिवस पडून होता." टेस्टर म्हणतो, "सगळं काम शेवटच्या दिवशी माझ्याकडे आलं." चौथ्यानं चांगल्या बाजूला लिहिलंय, "सोमवारी दोघांनी मिळून रिव्ह्यू केले, पटापट झाले." वाचताना चार वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्या शेजारीशेजारी ठेवा. रिव्ह्यू थांबला म्हणून टेस्टरकडे काम उशिरा गेलं, आणि म्हणून रिलीज रात्री झालं. चौथ्याच्या उत्तरात उपायसुद्धा आहे. 'काय चांगलं झालं' हा प्रश्न खूश करायला नसतो, तो अशासाठी असतो.

मग निर्णय कसा लिहायचा? "रिव्ह्यू लवकर करू" असा लिहू नका. तो कुणाचाच नसतो आणि पाळला गेला की नाही हेही कळत नाही. असा लिहा: "पुढचे दोन आठवडे रोज सकाळी दहा ते साडेदहा सगळे फक्त रिव्ह्यू करतील. लक्ष ठेवणारी व्यक्ती अमुक. कोड पाठवल्यापासून पहिली कमेंट येईपर्यंत किती तास गेले, ते दोन आठवड्यांनी पाहू." यात काम आहे, माणूस आहे, मुदत आहे आणि मोजमाप आहे. आठवड्याला असा एकच निर्णय घ्यायचा. पाच घेतले तर पाचही राहतात.

पुढच्या गुरुवारी तीन प्रश्नांच्या आधी एक ओळ येते: मागच्या निर्णयाचं काय झालं? ही ओळ कधीच गाळू नका. सात उत्तरं यायची ती तीनवर आली, की संयोजक लोकांना टॅग करत सुटतो. त्याऐवजी मागचे चार निर्णय काढून पाहावेत. बहुतेक वेळा त्यातले तीन पूर्ण झालेलेच नसतात. लिहून काही बदलत नाही हे लोकांनी ओळखलेलं असतं, म्हणून ते लिहिणं थांबवतात. तेव्हा एक आठवडा नवे प्रश्न विचारू नका, जुना निर्णय पूर्ण करा. निर्णय चॅटमध्ये वाहून जातात, म्हणून ते वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये तारखेनं लिहून ठेवा.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. सात जणांत नाव काढलं तरी लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो, आणि संयोजकाला तर नाव माहीत असतंच. त्यामुळे ही पूर्ण गुप्तता आहे असं कुणाला सांगू नका. पगार, छळ, एखाद्याशी भांडण हे विषय इथे आणायचे नाहीत, त्यांची जागा वेगळी. थ्रेडमध्ये दोघांची तीन-चार उलटसुलट उत्तरं झाली, की लिहिणं थांबवून फोन करावा, कारण लिहिलेल्या शब्दात सूर ऐकू येत नाही. आणि आज सिस्टम बंद पडली असेल तर गुरुवारची वाट पाहायची नाही.

तुमच्यापैकी काही जण रविवारची अभ्यासिका किंवा रक्तदान शिबिरं चालवता. तुमचं चॅट व्हॉट्सअ‍ॅपवर असेल. तिथेही हेच चालतं, फक्त एक लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसू शकतं. स्लॅकच्या इमोजीचंही तसंच. म्हणून मतदानाला कामच ठेवा, माणूस नको. "सलमाचा वर्ग नीट होत नाही" हा पर्याय पोलमध्ये येता कामा नये. "गणिताचा वर्ग दहाऐवजी अकराला घ्यावा" हा येऊ शकतो. आणि गोळा करणारा दर आठवड्याला बदला, म्हणजे ज्येष्ठ कार्यकर्त्याकडेच सगळी उत्तरं जाणार नाहीत.

सुरुवात करायची तर तीन प्रश्न आज लिहा, गोळा करणारा ठरवा आणि मुदतीची वेळ सांगा. पहिल्या आठवड्यात दोनच उत्तरं आली तरी त्यातला एक मुद्दा घ्या आणि तो पूर्ण करून दाखवा. तिसरं उत्तर त्यानंतर येतं.