पाय अडखळतो तेव्हा
(भिलाई, सेक्टर 2 येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही ब्रेस बनवणारी आणि व्यायाम शिकवणारी माणसे. आमच्याकडे माणूस आला की आम्ही आधी त्याची चप्पल उलटी करून पाहतो. एकाच पायाचा तळ पुढच्या टोकाशी झिजला असेल तर पुष्कळसे तिथेच कळते. पाऊल उचलताना चवडा वर येत नाही, तो जमिनीला घासतो. मग माणूस पायरी चढावी तसा गुडघा उंच उचलून चालतो आणि पाऊल टेकताना थप्प असा आवाज येतो. याला फूट ड्रॉप म्हणतात. घरात तो उंबऱ्याला अडखळेल, पण आपल्यापैकी ज्याला गिट्टीवरून चालायचे आहे, रूळ ओलांडायचे आहेत किंवा टपालाची पिशवी घेऊन जिने चढायचे आहेत, त्याच्यासाठी हे अडखळणे जिवावरचे आहे.

एका सोबत्याची हकिकत सांगतो. हा गँगमन, म्हणजे आताच्या भाषेत ट्रॅक मेंटेनर. रजेवर गोंदियाकडे गावी गेला आणि भाजीच्या वाफ्यात दोन दिवस उकिडवा बसून निंदणी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवे पाऊल वर येईना. वेदना नव्हती, पावलाच्या वरच्या बाजूला फक्त बधिरपणा होता. घरच्यांना वाटले अर्धांगवायूच झाला.

आता प्रत्येकाने आपल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली हात लावून पाहावा. हाडाची एक गाठ लागते. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस या गाठीला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. तिथे ना मांस, ना चरबी. तासन् तास उकिडवे बसणे, पायावर पाय टाकून बसणे, घट्ट प्लास्टर, आजारपणात झपाट्याने घटलेले वजन, यांतल्या कशानेही ती नस दाबली जाते. आमच्या सोबत्याचे तेच झाले होते.

पण प्रत्येक लोंबते पाऊल या गाठीपाशीच बिघडलेले नसते. पायाबरोबर हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, आणि हे सारे अचानक झाले, तर तो मेंदूचा झटका आहे. मालिश करत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. कंबरेतून पायात कळ येत असेल तर मणक्यातील नस पाहावी लागते. त्यात लघवी अडली किंवा दोन्ही पाय गळाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आणि अंगावर बधिर चट्टा असेल, गुडघ्यामागची नस दोरीसारखी जाड लागत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करून घ्या. आनंदवन आणि दत्तपूर ज्या मुलखात उभे राहिले, त्या मुलखातल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. हा रोग औषधाने बरा होतो, पण उशीर झाला तर गेलेली नस परत येईलच असे नाही.

आमच्या सोबत्याची नसेची विद्युत तपासणी तीन आठवड्यांनी झाली. त्याआधी केली तर नुकसान किती खोल आहे ते नीट दिसत नाही. नसेचे फक्त वरचे आवरण दबले असेल तर काही आठवड्यांत पाऊल उठू लागते. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. गाठीपासून स्नायूपर्यंत 10 सेंटिमीटर धरले तर हिशेब 100 दिवसांचा, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांचा होतो. याचे काही तंतू तुटले होते. म्हणून प्रश्न असा होता की हे शंभर दिवस काढायचे कसे?

पहिले काम म्हणजे उकिडवे बसणे आणि मांडी घालणे बंद. जेवण खुर्चीवर, संडासही खुर्चीचा.

दुसरे म्हणजे ब्रेस. पायाचा साचा घोटा काटकोनात धरून घेतात आणि त्यावर तापवलेले प्लास्टिक बसवून पोटरीमागून तळव्यापर्यंत जाणारी एकसंध पट्टी करतात. ती चवडा वर धरून ठेवते. इथे एक चूक आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. पट्टीची वरची कड त्या हाडाच्या गाठीवर आली तर जी नस दबली तीच पुन्हा दाबली जाते. कड गाठीच्या दोन बोटे खाली हवी. माप द्यायला जाताना कामावरचा बूट बरोबर न्या, बहुधा एक नंबर मोठा घ्यावा लागतो. आत सुती मोजा घाला आणि टाच पूर्ण मागे बसली की मग पट्टा आवळा. पहिल्या दिवशी तासभरच वापरून काढा आणि कातडी पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो ब्रेस तसाच घालू नका, बनवणाऱ्याकडून तिथे जागा करून घ्या. पाऊल बधिर असेल तर जखम दुखत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहणे भाग आहे.

तिसरे काम व्यायामाचे. लोंबत्या पावलाची पोटरी आखडते. ती आखडून बसली तर नस परत आली तरी पाऊल उठत नाही. म्हणून पाय लांब करून बसावे, गमछा चवड्याला अडकवून आपल्याकडे ओढावा आणि 30 सेकंद धरावा. असे पाच वेळा, दिवसातून तीनदा. आमच्या सोबत्याचे पाऊल दहाव्या आठवड्यात किंचित हलले. तेव्हा त्याला कुशीवर झोपवून पाऊल वर घ्यायला लावले, कारण तसे झोपल्यावर पावलाचे वजन आड येत नाही. पुढे खुर्चीवर बसून टाच टेकवून चवडा उचलणे, दहा-दहाचे तीन फेरे. थकवा आला की थांबायचे. पाचव्या महिन्यात सपाट जमिनीवर ब्रेस सुटला, गिट्टीवर मात्र आणखी काही महिने ठेवला.

सगळ्यांचे असे होत नाही. तीन-चार महिन्यांत हालचालीची खूणच नसेल तर नसेच्या सर्जनला दाखवावे, आणि कापलेल्या नसेसाठी तर लगेच. नस परत आलीच नाही तर घोट्याच्या आतल्या बाजूची शीर पुढे वळवून पाऊल उचलायला लावण्याची शस्त्रक्रिया आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर अशाच शिरा वळवण्याचे काम केले.

मेंदूच्या झटक्यानंतरचे पाऊल वेगळे असते. ते ढिले राहत नाही, ताठरते, आत वळते, आणि माणूस पाय बाहेरून गोल फिरवून टाकतो. इथे ब्रेस जास्त कडक लागतो. व्यायाम म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष चालणे आणि अधू पायावर भार देत खुर्चीवरून पुन्हा पुन्हा उठणे. 1961 मध्ये अमेरिकेत लिबरसन यांनी टाचेखाली बटण ठेवून, पाऊल उचलताच नसेला विजेचा हलका झटका देणारे यंत्र मांडले. ते अशा रुग्णांना उपयोगी पडते, कारण त्यांची पायातली नस शाबूत असते. तुटलेल्या नसेवर त्याचा उपयोग नाही, म्हणून कोणी विकायला आला तर आधी दोष कुठे आहे ते विचारा.

शेवटी नोकरीचे. आमच्याकडे आलेल्या एका साथीला वरिष्ठांनी राजीनाम्याचा कागद पुढे केला होता. अशा कागदावर सही करू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 प्रमाणे, सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कामगाराला काढायचे नाही की पद उतरवायचे नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यायचे, आणि तशी जागा नसेल तर जादा जागा धरून ठेवायची. तपासणीचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा आणि अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या.

घरी गेल्यावर आपापले बूट एकदा उलटे करून पाहा. एकाच पायाचे टोक झिजले असेल तर उद्याच दाखवा.