चित्रयंत्रास द्यावयाची सूचना : पवित्रा, पेहराव, स्थळ आणि त्वचेचा पोत



रोजच्या वापराचे तयार कपडे विकणाऱ्या एखाद्या छोट्या नाममुद्रेला जाहिरातीसाठी छायाचित्रे हवी असली, तर पूर्वी छायाचित्रकार, वस्त्रे परिधान करणारी व्यक्ती, रंगभूषाकार आणि भाड्याने घेतलेली जागा एवढा सरंजाम जमवावा लागे. २०२२ पासून लेखी सूचनेवरून चित्र तयार करणारी संगणकीय साधने सर्वसामान्यांच्या हाती आली आणि या कामाचा काही भाग कागदावरील चार-सहा वाक्यांवर येऊन ठेपला. ही वाक्ये म्हणजेच प्रॉम्प्ट, अर्थात चित्रसूचना. ती लिहिणे सोपे वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांची पहिली सूचना फसते, आणि ती का फसते हे समजल्यावाचून दुसरी सुधारत नाही.

एक उदाहरण घेऊ. निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, खांद्यावरून किंचित खाली उतरणारा सैल सुती शर्ट विकावयाचा आहे. स्थळ म्हणून मुंबईतील इराणी उपाहारगृह योजिले आहे. पहिली सूचना साधारणपणे अशी लिहिली जाते : ‘इराणी हॉटेलात बसलेली सुंदर भारतीय तरुणी, सैल पट्टेदार शर्ट, निर्दोष त्वचा, अत्यंत तपशीलवार, व्यावसायिक छायाचित्र.’ चित्र येते ते मेणाच्या बाहुलीचे. गालावर एक रंध्र नाही, कानांत लग्नातले झुमके, मान तिरकी, ओठ अर्धवट उघडे, आणि शर्ट नुकताच इस्त्री करून पुठ्ठ्यावर ताणावा तसा.

यात यंत्राचा दोष आहे, तसा सूचनेचाही आहे. ही यंत्रे मथळ्यांसह असलेल्या असंख्य चित्रांवरून शिकलेली असतात. ‘सुंदर’, ‘निर्दोष’, ‘व्यावसायिक’ हे शब्द ज्या चित्रांच्या शेजारी आढळतात, ती बहुतांशी आधीच घासून-पुसून गुळगुळीत केलेली असतात. त्यामुळे या शब्दांनी मागितलेली त्वचा यंत्र इमानाने देते. ‘भारतीय’ या मोघम शब्दानेही असेच होते. त्याच्यामागोमाग दागिने, टिकली आणि भडक रंग आपोआप येतात. त्याऐवजी ‘पस्तिशीची, गव्हाळ-सावळ्या वर्णाची स्त्री, कानांत बारीक कुडी’ असे नेमके लिहिले की ठोकळेबाज प्रतिमेला वाव उरत नाही.

त्वचेच्या पोताविषयी थोडे थांबून पाहिले पाहिजे. अनेक जण ‘प्लास्टिकसारखी त्वचा नको’ असे लिहितात. यंत्राला नकार नीट उमगत नाही. त्याच्या लेखी ‘प्लास्टिक’ हा शब्द सूचनेत आला एवढेच खरे. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी जागा असते, ती वापरावी. एरवी हवे ते होकारार्थी सांगावे : नाकाच्या बाजूंस दिसणारी रंध्रे, डोळ्यांखालील किंचित गडद छटा, वरच्या ओठावरील कोवळी लव, हनुवटीवरील जुना बारीक व्रण. यांतील दोन-तीनच घ्यावीत. सगळी एकदम घातली तर चेहरा त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकातील वाटू लागतो.

पण केवळ शब्दांनी पोत येत नाही. तो प्रकाशाने दिसतो. समोरून पडलेला सपाट प्रकाश खडबडीत भिंतसुद्धा गुळगुळीत दाखवितो, आणि बाजूने आलेला तिरपा प्रकाश तिच्यावरचा प्रत्येक उंचवटा उघड करतो. चेहऱ्याचेही तसेच आहे. म्हणून ‘डावीकडील उघड्या दारातून येणारे सकाळी आठचे ऊन, उजवा गाल सौम्य छायेत’ हे एक वाक्य त्वचेच्या दहा विशेषणांपेक्षा अधिक काम करते.

तिसरे कारण अंतराचे. अशा यंत्रांपैकी स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातील मूळची यंत्रे चित्रातील आठ गुणिले आठ बिंदूंचा चौकोन एका घरात साठवून काम करीत. १,०२४ बिंदू उंचीच्या चित्रात डोक्यापासून पायांपर्यंत व्यक्ती उभी केली, तर चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम सव्वाशे बिंदू, म्हणजे उंचीत अवघी पंधरा घरे येतात. त्यांत रंध्रे मावणार कोठून? तेथे शब्द वाढवून उपयोग नसतो. कमरेपासून वरचे चित्र मागावे, किंवा पूर्ण चित्र तयार झाल्यावर चेहऱ्याचा भाग स्वतंत्रपणे मोठा करून पुन्हा काढून घ्यावा.

पवित्र्यासाठी ‘सहज बसलेली’ असे लिहून भागत नाही. यंत्राला भाव सांगण्यापेक्षा काम सांगावे. बशीत चहा ओतणारी स्त्री सहजच बसलेली असते. तिची नजर बशीकडे जाते, खांदे सैल पडतात. मात्र काम निवडताना कपडा झाकला जाणार नाही हे पाहावे. हाताची घडी घातली की बटणपट्टी आणि खिसा दोन्ही गेले. बोटांची गुंतागुंतही टाळावी. एक हात कपाला, दुसरा मांडीवर, एवढे पुरे. पेहरावात बाह्या दोन वळ्या दुमडलेल्या, कोपराशी सुताच्या चुण्या, वरचे एक बटण उघडे. चुण्या सांगितल्या नाहीत तर कापड सुती न वाटता कृत्रिम वाटते.

स्थळाचेही मोजकेच वर्णन हवे : संगमरवरी पृष्ठाचे टेबल, वाकविलेल्या लाकडाची काळपट खुर्ची, मागे पुसट दिसणारी काचेची बरणी. पाट्या आणि दरपत्रक मागू नये. अक्षरांच्या बाबतीत ही यंत्रे आता बरीच सुधारली असली, तरी देवनागरी जोडाक्षरे अजून अनेकदा विद्रूप होतात, आणि मग पाहणाऱ्याचे लक्ष शर्टाऐवजी तिकडेच जाते.

एवढे झाल्यावर सूचना अशी उभी राहते : ‘कमरेपासून वरचे छायाचित्र, डोळ्यांच्या उंचीवरून. पस्तिशीची, गव्हाळ-सावळ्या वर्णाची स्त्री बशीत चहा ओतीत आहे, नजर बशीकडे, दुसरा हात मांडीवर. निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा सैल सुती शर्ट, बाह्या दोन वळ्या दुमडलेल्या, कोपराशी चुण्या, कानांत बारीक कुडी. मुंबईतील जुने इराणी उपाहारगृह, संगमरवरी टेबल, मागची बरणी पुसट. डावीकडील दारातून सकाळी आठचे ऊन, उजवा गाल सौम्य छायेत. नाकाजवळ रंध्रे, डोळ्यांखाली किंचित गडद छटा.’ बहुतेक यंत्रांना इंग्रजी अधिक सरावाची असल्याने हीच वाक्ये, याच क्रमाने, इंग्रजीत उतरविल्यास फळ अधिक नेमके मिळते.

चित्र आले की ते मोठे करून तपासावे. पट्टे खांद्याच्या शिवणीपाशी तुटतात की एकमेकांत विरघळतात? बटणे किती आहेत, आणि काजे त्यांच्या समोर आहेत का? ऊन डावीकडून, तर बशीची सावली उजवीकडेच पडली आहे ना? एखादा दोष आढळल्यास संपूर्ण सूचना बदलू नये. एका वेळी एकच वाक्य बदलावे, नाही तर कशाने काय सुधारले हे कळत नाही.

यापुढची मर्यादा मात्र शब्दांनी ओलांडता येत नाही. यंत्राने तो शर्ट कधी पाहिलेलाच नसतो. ते आपल्या मनचा शर्ट काढते, आणि ग्राहक मात्र तोच आपल्या घरी येणार असे समजून पैसे भरतो. खऱ्या शर्टाचे छायाचित्र सूचनेसोबत जोडण्याची सोय अनेक साधनांत आहे, आणि तिने साम्य पुष्कळ वाढते. तरी पट्ट्यांची रुंदी, खिशाची जागा, कापडाचा जाडेपणा यांत फरक राहतोच. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मालाचे खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. चित्र यंत्राने काढले ही सबब विक्रेत्याच्या कामी येईल, असे समजण्यास आधार नाही.

म्हणून जाणते विक्रेते अशा चित्राचा उपयोग केवळ वातावरण दाखविण्यापुरता करतात, चित्र यंत्रनिर्मित असल्याचे त्याखाली लिहितात, आणि शेजारी खऱ्या शर्टाची तीन साधी छायाचित्रे देतात : पुढून, मागून, आणि खिडकीच्या उजेडात जवळून घेतलेले कापड.