पुराआधीची पिशवी

ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली घरं बुडाली, तशी मुलांची दप्तरंही भिजली. अशा वेळी मोबाइलला चार्जिंग नसतं, रेंजही नसते. म्हणून पूरपट्ट्यातल्या शिक्षकांनी जूनमध्येच प्रत्येक मुलासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा दिवसांच्या सरावाची पानं, कोरी वही आणि दोन पेन्सिली भरून ठेवाव्यात. त्यात नवा धडा नकोच. छावणीत समजावून सांगणारं कुणी असेलच असं नाही. कुठलं कुटुंब कुणाकडे आसऱ्याला जाणार, हेही आधीच लिहून घ्यावं. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन सोडवलेली पानं घ्यावीत, नवी द्यावीत. अक्षर मोठ्या ताईचं वाटलं, तर मुलाला जवळ बसवून दोन गणितं तोंडी विचारा. खरं काय ते लगेच कळतं.