रेप किती, वजन किती?

जिममध्ये दहा रेपचे तीन सेट हा जणू नियमच झाला आहे. त्याचे मूळ जखमी सैनिकांच्या उपचारांत आहे. अमेरिकी लष्करातले डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली आपली पद्धत मांडली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन हे तिचे माप होते. हेतू होता दुबळे पडलेले स्नायू पुन्हा उभे करण्याचा. आज मात्र तो आकडा ताकद, आकार आणि दम या तिन्हींसाठी सरसकट वापरला जातो, आणि ते मला खटकते.

एक उदाहरण घेऊ. एक तरुण ऐंशी किलोचे स्क्वॉट नीट खाली बसून आठ वेळा मारतो, नववा निघत नाही. रेपना तीसने भागून त्यात एक मिळवायचा आणि वजनाने गुणायचे, की एका रेपची कमाल मर्यादा अंदाजाने मिळते. त्याची शंभर किलोच्या आसपास येते.

ताकद हवी असेल तर त्याने ८५ ते ९० किलोवर तीन-चार रेप मारावेत आणि दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटे थांबावे. एवढ्या जड वजनाला पहिल्याच रेपपासून बहुतेक सगळे स्नायुतंतू कामाला लागतात, आणि त्यांना एकदम जुंपण्याचा सराव मज्जासंस्थेला होतो. हलक्या वजनावर हा सराव होत नाही.

आकाराचे गणित वेगळे आहे. २०१५ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या तरुणांचे दोन गट केले. एक गट ८ ते १२ रेप करी, दुसरा २५ ते ३५. आठ आठवड्यांनी स्नायू दोघांचेही सारखेच वाढले. स्क्वॉटची ताकद मात्र जड वजनवाल्यांची जास्त वाढली, तर बेंच प्रेसमधला दम हलक्या वजनवाल्यांचा.

हलक्या वजनाने स्नायू का वाढतात? सुरुवातीला थोडेच तंतू काम करतात. ते थकले की उरलेल्यांना यावे लागते. म्हणून शेवटचे रेप महत्त्वाचे. आपल्या तरुणाने ४० किलोचे वीस रेप मारून सहज बार ठेवला, तर मोठे तंतू जागेच झाले नाहीत. शिवाय स्क्वॉटच्या लांब सेटमध्ये मांड्यांआधी श्वास हरतो. त्यामुळे आकारासाठी ६५ ते ७५ किलोवर आठ-बारा रेप, एखाद-दुसरा शिल्लक ठेवून, हेच मला व्यवहार्य वाटते. शेवटचे रेप आपोआप संथ झाले, तर वजन बरोबर आहे.

दमासाठी तेच ४० किलो चांगले. वीसच्या पुढे जायचे आणि विश्रांती कमी घ्यायची. तालमीतल्या शेकडो बैठका याच जातीच्या.

काही आठवड्यांनी अंदाज पुन्हा काढावा, पण दहाच्या आतल्या रेपवरूनच. तीस रेपवरून काढला तर दम वाढल्याचा आकडा ताकदीच्या खात्यात जमा होतो, आणि पुढचे सेट नको तितके जड ठरतात.