नोकरीची मेल खरी की खोटी? सर्व्हर कसं ओळखतो

आजचा विषय तुमच्या इनबॉक्समधला. समजा तुम्हाला मेल आली की, "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे." पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव आणि कंपनीचाच पत्ता. तो पत्ता खरंच त्या कंपनीचा आहे, हे कोणी तपासलं? तुम्ही मेल उघडण्याआधी, जीमेल किंवा जो कोणी तुमची मेल स्वीकारतो त्याच्या सर्व्हरने तपासलेलं असतं. कसं, ते आज बघू.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. मेलवर दिसणारी `From` ही ओळ पाठवणारा स्वतः लिहितो. कागदी पत्रात वर "प्रेषक: जिल्हाधिकारी" असं कोणीही लिहू शकतं, तसंच. मेल पाठवण्याची पद्धत १९८२ च्या आसपास ठरली, तेव्हा नेटवर्कवर माणसं मोजकीच होती आणि हे तपासायची सोय त्यात ठेवलीच नव्हती.

दुसरी गोष्ट, मेललाही पाकीट असतं. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलताना पाठवणारा आधी सांगतो, "ही मेल अमुक पत्त्यावरून आहे, पोचली नाही तर तिथे परत पाठवा." हा झाला पाकिटावरचा पत्ता. तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो आतल्या कागदावरचा, म्हणजे `From` मधला. हे दोन पत्ते वेगवेगळे असू शकतात, आणि पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

आता पहिली तपासणी, एसपीएफ. ही पाकिटावरच्या पत्त्याची असते. आपण एक काल्पनिक कंपनी घेऊ, तिचं डोमेन `company.example`. कंपनी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत, एक ओळ लिहून ठेवते:

```
v=spf1 ip4:203.0.113.0/24 -all
```

मराठीत सांगायचं तर, "आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी 203.0.113 ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांना आहे, बाकी कोणालाही नाही." शेवटचं `-all` म्हणजे "बाकीच्यांना सरळ नकार द्या". काही जण तिथे `~all` लिहितात, म्हणजे "बाकीच्यांवर संशय घ्या, पण लगेच हाकलू नका".

मेल आली की घेणारा सर्व्हर बघतो, आपल्याशी आत्ता जोडलेल्या मशीनचा आयपी काय आहे. हा आयपी बदलून सांगणं भामट्याला जमत नाही, कारण त्याच पत्त्यावर दोघांचं संभाषण चालू असतं. मग सर्व्हर पाकिटावरचं डोमेन घेतो, त्याची नोंद वाचतो आणि आयपी यादीत आहे का ते पाहतो. आयपी 203.0.113.25 असेल तर पास. 198.51.100.7 असेल तर फेल. मेलमध्ये काय लिहिलंय, याच्याशी एसपीएफला काही देणंघेणं नाही.

याच्यात दोन अडचणी आहेत. पहिली तुमच्या लक्षात आली असेल. भामटा पाकिटावर स्वतःच्या डोमेनचा पत्ता टाकतो, त्या डोमेनची एसपीएफ नोंद व्यवस्थित करून ठेवतो आणि आतल्या `From` मध्ये मात्र कंपनीचा पत्ता लिहितो. एसपीएफ पास! तपासलं गेलं ते भामट्याचं डोमेन, आणि ते खरोखर त्याचंच आहे.

दुसरी अडचण उलटी आहे, तिथे खरी मेल फेल होते. समजा तुमचा कॉलेजचा जुना मेल पत्ता आहे आणि त्यावर आलेलं सगळं आपोआप जीमेलला जाईल अशी सोय केलीय. कंपनीने खरी मेल कॉलेजच्या पत्त्यावर पाठवली. कॉलेजच्या सर्व्हरने ती पुढे ढकलली. जीमेलच्या दारात उभा आहे कॉलेजचा सर्व्हर, पण पाकिटावर अजून कंपनीचंच नाव. कंपनीच्या यादीत कॉलेजचा आयपी कुठून असणार? एसपीएफ फेल. कोणी लबाडी केलेली नाही, मेल फक्त दुसऱ्या हातातून आलीय.

म्हणून दुसरी तपासणी लागते, डीकेआयएम. इथे मेल कोणत्या मशीनवरून आली हे बघतच नाहीत. मेलवर एक शिक्का असतो, तो तपासतात. कंपनीकडे किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली तिच्या सर्व्हरवर, गुप्त. सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी. मेल निघताना सर्व्हर मजकुराचा आणि `From`, `Subject` अशा ठरावीक ओळींचा गणिती ठसा काढतो आणि खासगी किल्लीने त्यावर सही करतो. ती सही मेलच्याच वरच्या भागात जाते, साधारण अशी:

```
DKIM-Signature: v=1; a=rsa-sha256;
 d=company.example; s=k1;
 h=from:to:subject:date; bh=...; b=...
```

यातलं `d` म्हणजे सही कोणत्या डोमेनची आहे, `s` म्हणजे त्या डोमेनची कोणती किल्ली. घेणारा सर्व्हर `k1._domainkey.company.example` या नावाने डीएनएसमध्ये जातो, सार्वजनिक किल्ली आणतो आणि सही जुळते का बघतो. जुळली, तर दोन गोष्टी कळतात. सही त्या डोमेनची खासगी किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानेच केलीय, आणि सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही. कॉलेजच्या सर्व्हरने मेल जशीच्या तशी पुढे पाठवली असेल तर सही टिकते. पण त्याने खाली "ही मेल कॉलेजच्या सेवेमार्फत आली आहे" अशी एक ओळ जरी चिकटवली, तरी मजकुराचा ठसा बदलतो आणि सही मोडते.

सही किती भक्कम, हे किल्लीवर ठरतं. याचा एक खरा किस्सा आहे, आणि तोही नोकरीच्या मेलचाच. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाला गूगलमधल्या नोकरीबद्दल मेल आली. आपल्याला कशी काय आली, असं वाटून त्याने मेलचा वरचा तांत्रिक भाग उघडला. सही गूगलचीच होती, पण किल्ली फक्त ५१२ बिटची. तेव्हाही निदान १०२४ बिटची किल्ली वापरावी असं सांगितलं जात होतं.

५१२ बिट म्हणजे साधारण १५५ अंकी संख्या. ती दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असते आणि सार्वजनिक किल्लीत सगळ्यांना दिसते. त्या दोन मूळ संख्या ज्याला सापडल्या, त्याला खासगी किल्ली मिळाली. एवढ्या आकाराची संख्या १९९९ मध्येच फोडून दाखवली गेली होती. हॅरिसला वाटलं, ही कमकुवत किल्ली म्हणजे उमेदवाराची परीक्षाच असणार. त्याने ती फोडली आणि गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना एकमेकांच्या नावाने मेल पाठवली. उत्तर त्याच्याकडे येईल अशी सोयही ठेवली. उत्तर आलंच नाही. पण दोन दिवसांनी त्याने पाहिलं, तर गूगलची किल्ली २०४८ बिटची झाली होती. ती परीक्षा वगैरे काही नव्हती, खरीच चूक होती. पुढे त्याला इतर मोठ्या कंपन्यांकडेही अशाच तोकड्या किल्ल्या सापडल्या, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये 'वायर्ड'ने ही गोष्ट छापली. त्याच्या सांगण्याप्रमाणे, भाड्याच्या क्लाउड मशीनवर ५१२ बिटची किल्ली ७५ डॉलरमध्ये, साधारण ७२ तासांत फुटायची.

आता एक भोक उरलंय. डीकेआयएमची सहीसुद्धा भामटा स्वतःच्या डोमेनची करू शकतो, `From` मध्ये कंपनीचं नाव ठेवून. ते बुजवायला तिसरी नोंद आली, डीमार्क. तिचं म्हणणं असं: एसपीएफ किंवा डीकेआयएम, दोन्हींपैकी एक तरी पास हवं, आणि जे पास झालं त्याचं डोमेन `From` मधल्या डोमेनशी जुळायला हवं. नाही जुळलं तर मेल स्पॅममध्ये टाकायची की परत पाठवायची, हेही कंपनी त्याच नोंदीत सांगते. मघाची कॉलेजमार्गे आलेली मेल आठवा. एसपीएफ फेल, पण सही कंपनीची आणि शाबूत. म्हणजे डीमार्क पास. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. ब्राउझरमध्ये, शक्यतो कॉम्प्युटरवर, जीमेल उघडा. मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके, मग "Show original". वरच निकाल दिसतो. समजा "निवड झाली" म्हणणाऱ्या मेलचा निकाल असा आहे:

```
From:  "Company HR" <hr@company-jobs.example>
SPF:   PASS with IP 198.51.100.7
DKIM:  'PASS' with domain company-jobs.example
DMARC: 'PASS'
```

तिन्ही पास. मग मेल खरी? नाही! नीट वाचा, पास कोण झालंय? `company-jobs.example`. कंपनीचं डोमेन `company.example` आहे. मधे रेघ घालून "जॉब्स" जोडलेलं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं, त्याच्या तिन्ही नोंदी अर्ध्या तासात करू शकतं, आणि सर्व्हर इमानदारीने सांगेल की मेल त्याच डोमेनची आहे. त्या डोमेनमागचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न सर्व्हरला विचारलेलाच नसतो. तसंच, कंपनीच्या एखाद्या कर्मचाऱ्याचं खातं कोणी पळवलं असेल, तर त्या खात्यातून येणारी फसवी मेलसुद्धा कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या सहीने येते. तीही पास.

तेव्हा `DMARC` पुढे "FAIL" दिसलं आणि मेल पैसे किंवा आधार कार्ड मागत असेल, तर थांबा. मेल वाटेत मोडलेली खरीही असेल, पण ते कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून विचारा, मेलमधल्या नंबरवर नको. आणि "PASS" दिसलं तर पुढचं डोमेन एकेक अक्षर वाचा, कंपनीच्या वेबसाइटच्या पत्त्याशी ताडून बघा. यादी आणि सही तपासायचं काम सर्व्हर करतो. नाव ओळखीचं आहे की नुसतं ओळखीसारखं दिसतंय, हे मात्र तुम्हालाच बघायचंय.